जपानी ग्राहकासमोर सादरीकरण: डेकसोबत दुभाष्याला नेमकं काय द्यायचं?

चाकणचा_क्वालिटीवाला

नमस्कार मंडळी. मी चाकणला अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंगच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. पुढच्या गुरुवारी जपानी ग्राहकाकडून सहा जण येतायत. आमच्या एका कव्हरमधून तेल गळतंय अशी त्यांची तक्रार होती. तिचं कारण आणि आम्ही केलेले उपाय दाखवायचे आहेत. इंग्रजीतला ३४ स्लाइडचा डेक तयार आहे. दोन तास मीटिंग रूममध्ये आणि मग लाइनवर फेरी.

एजन्सीने दुभाषी बाई ठरवून दिल्यात. त्यांचा मेल आला की डेकबरोबर ब्रीफिंग पाठवा, त्यात शब्द, क्रम आणि अवघड स्लाइड असू द्या. आमचे साहेब म्हणतात, "डेक पाठव, त्यांना जपानी येतं ना? मग झालं." मला ते पटत नाही, पण ब्रीफिंगमध्ये काय लिहितात तेही माहीत नाही. कुणी केलंय का?

सदाशिवपेठी

सोपं आहे. प्रत्येक स्लाइडला काय बोलणार ते शब्दन् शब्द लिहून द्या. त्या आधीच भाषांतर करून ठेवतील आणि त्या दिवशी वाचतील. आमच्या संस्थेच्या कार्यक्रमात परदेशी पाहुण्यांसाठी असंच केलं होतं. एकही अडचण आली नाही.

नवशिकी_निहोंगो

मी सध्या जपानीच्या एन४ परीक्षेची तयारी करतेय. कोथरूड किंवा कर्वेनगर भागात एन३साठी चांगला क्लास कोणता? आणि दुभाषी व्हायला एन२ पुरतं का?

गेम्बावाली

मी हेच काम करते. चाकण, रांजणगाव, तळेगाव असा सगळा पट्टा फिरून झालाय. (नवशिकी, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन. एन२ कागदावर पुरतं. शॉपफ्लोअरवर पहिल्या दिवशी घाम फुटतो.)

क्वालिटीवाले, आधी एक सांगा. त्या तुम्ही थांबल्यावर बोलणार आहेत, की तुम्ही बोलत असतानाच हेडफोनमधून? बूथ आणि हेडफोन असतील तर दोन दुभाषी लागतात आणि ते साधारण २०-३० मिनिटांनी माइक बदलतात. एकच बाई येतायत म्हणजे थांबून-थांबूनच असणार. तसं असेल तर तुमचं पहिलं दुखणं शब्द नाही, वेळ आहे.

दोन तास म्हणजे १२० मिनिटं. जपानी ग्राहक तक्रारीच्या मीटिंगला येतो तो प्रश्न घेऊनच येतो. प्रश्न, उत्तरं आणि दोन्हींचं भाषांतर मिळून ४० मिनिटं तरी धरा. उरली ८०. त्यातली निम्मी दुभाष्याची. म्हणजे तुमच्या तोंडी आली ४० मिनिटं आणि स्लाइड ३४. एका स्लाइडला मिनिटभर आणि वर थोडं. हे होत नाही. मग काय होतं, शेवटच्या दहा स्लाइड "नेक्स्ट, नेक्स्ट" करत जातात, आणि उपाय नेमके तिथेच असतात.

म्हणून ब्रीफिंगच्या पहिल्या पानावर शब्द नकोत, क्रम हवा. कोणत्या १४-१५ स्लाइड बोलणार, कोणत्या फक्त विचारलं तर उघडणार, कोण बोलणार, कुठे थांबून प्रश्न घेणार, लाइनवर कुठे-कुठे उभं राहणार.

सदाशिवपेठी, तुमचं निम्मं बरोबर आहे. जे खरोखर वाचून दाखवणार, म्हणजे सुरुवातीची दिलगिरी आणि शेवटची तारखांसह आश्वासनं, ते शब्दशः द्यावंच. पण सगळ्याच डेकची संहिता दिली तर दोन गोष्टी होतात. बोलणारा ती वाचायला लागतो, आणि वाचताना माणूस श्वास न घेता पळतो. दुसरं, तिसऱ्या मिनिटाला साहेब मध्ये पडतात, "अरे, ते आधी दाखव," आणि संहिता गेली बाराच्या भावात. तुमच्या कार्यक्रमात स्वागत आणि आभार होते. उलटतपासणी नव्हती.

चाकणचा_क्वालिटीवाला

थांबून-थांबूनच आहे, आत्ताच एजन्सीला विचारून घेतलं. वेळेचा हिशेब साहेबांना दाखवला, ते गप्प झाले. १९ स्लाइड काढून टाकू का?

गेम्बावाली

काढू नका, लपवा. स्लाइडवर उजवं बटण दाबून `Hide Slide`. पॉवरपॉइंटमध्ये लपवलेल्या स्लाइडचा क्रमांक तसाच राहतो. काढलीत तर पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि माझ्या हातातल्या कागदावरची १८ तुमच्या पडद्यावर १५ होते. ब्रीफिंग गेल्यानंतर डेकमध्ये बदल झाला तर नवी फाइल पाठवून मोकळे होऊ नका. "स्लाइड ११चा तक्ता बदलला, २३ नवीन" अशा दोन ओळी लिहा. आदल्या रात्री साडेअकराला आलेली `final_v7` मी पहिल्यापासून ताडून बघू शकत नाही.

अ‍ॅनिमेशन असलेल्या स्लाइडची पीडीएफ केली की सगळे चौकोन एकावर एक छापले जातात, खालचं काहीच दिसत नाही. मूळ फाइल द्या किंवा त्या स्लाइडपुरतं लिहून द्या की आधी काय येतं, मग काय.

आता कारणाच्या आणि उपायांच्या स्लाइडवर काय लिहिलंय ते इथे टाका. ग्राहकाचं आणि पार्टचं नाव वगळून.

चाकणचा_क्वालिटीवाला

नावं काढून टाकतोय:

स्लाइड ७: मशीनिंगनंतर ग्राहकाच्या लाइनवर गळती, कारण ब्लोहोल.
स्लाइड ११: कापलेल्या तुकड्याचा फोटो, खाली "पोरॉसिटी नियर बॉस", बॉस म्हणजे कव्हरवरचा जाड उंचवटा.
स्लाइड १४: फाइव्ह-व्हाय, म्हणजे एकामागून एक "का" विचारत मूळ कारणापर्यंत.
स्लाइड १८: उपाय. इंटेन्सिफिकेशन प्रेशर वाढवलं, बॉसजवळ स्पॉट कूलिंग दिलं. एसओपी रिवाइज्ड, फेब्रुवारी.
स्लाइड २३: एफवाय २६चं उत्पादन १.८ लाख नग, नव्या लीक टेस्टरवर खर्च १.२ कोटी.

गेम्बावाली

ब्रीफिंग कशासाठी असतं ते यातच दिसतंय. एकेक घेते.

स्लाइड ७ला ब्लोहोल, ११ला पोरॉसिटी, आणि १८चे उपाय तिसऱ्याच गोष्टीचे. माझ्या माहितीत प्रेशर वाढवणं आणि स्पॉट कूलिंग हे आकुंचनाच्या पोकळीवरचे उपाय आहेत, ज्याला तुमच्याकडे श्रिंकेज म्हणतात. ती जाड भागात होते, जिथे धातू सगळ्यात शेवटी गोठतो. अडकलेल्या हवेने किंवा गॅसने भोक पडलं असेल तर उपाय वेगळे, व्हेंट, व्हॅक्यूम, शॉटचा वेग असे. जपानी कास्टिंगवाले या दोन्हींना वेगळे शब्द वापरतात. आकुंचनाची ती हिकेसु. त्यांचा माणूस तुमच्या ब्लोहोलचं भाषांतर गॅसचं भोक असं ऐकेल, मग ११चा फोटो बघेल, मग १८चे उपाय बघेल आणि विचारेल, "मग प्रेशर का वाढवलं?" तुम्हाला वाटेल दुभाष्याने घोळ घातला.

त्यामुळे मी असा डेक मिळाला की शब्द शोधायच्या आधी फोन करते. फोटोत पोकळी कशी दिसते? गोल, आतून गुळगुळीत, की वेडीवाकडी, खडबडीत?

निवृत्त_प्लांटहेड

बाईंचं बरोबर आहे. आमच्या काळीही शॉपवर सगळ्यालाच ब्लोहोल म्हणायचे. पार्ट रिजेक्ट झाला की ब्लोहोल. खडबडीत असेल तर श्रिंकेजच, बॉसजवळ आहे म्हणजे शंका नको.

चाकणचा_क्वालिटीवाला

खडबडीत आहे. टूलिंगवाल्यांनाही दाखवला फोटो, ते म्हणाले श्रिंकेज, आम्ही पहिल्या दिवसापासून सांगतोय. स्लाइड ७ आणि ११ दोन्हीवर तसं करतो.

गेम्बावाली

छान. आता स्लाइड १४. फाइव्ह-व्हाय एकच आहे की दोन?

चाकणचा_क्वालिटीवाला

एकच. दोन कशाला?

गेम्बावाली

जपानी ग्राहक बहुधा दोन मागतो. दोष तयार का झाला हा एक, आणि तयार झालेला दोष तुमच्या गेटबाहेर कसा गेला हा दुसरा. पहिल्याला हास्सेइ गेन्-इन म्हणतात, दुसऱ्याला र्‍यूशुत्सु गेन्-इन. तुमच्या एकाच साखळीत दोन्ही मिसळलेले असतील तर प्रत्येक "का"ला मला ठरवावं लागेल की हा कुठल्या बाजूचा. ते ठरवणं माझं काम नाही, माझ्याकडे त्याची माहितीही नाही. तुम्ही लीक टेस्ट कधी करता? मशीनिंगच्या आधी?

चाकणचा_क्वालिटीवाला

आधी. कच्च्या कास्टिंगवर, प्रत्येक नगाची. मशीनिंग ग्राहक करतो. कास्टिंगची वरची त्वचा घट्ट असते, म्हणून आमच्याकडे टेस्ट पास होते. त्यांनी ती कापली की आतली पोकळी उघडी पडते. नवा टेस्टर घेतलाय तो यासाठीच, आता नमुन्याचे नग आम्ही मशीन करून तपासतो.

गेम्बावाली

हे तुम्ही आत्ता चार वाक्यांत सांगितलंत ते ३४ स्लाइडमध्ये कुठेच नाही. हीच चार वाक्यं ब्रीफिंगमध्ये स्लाइड १४समोर लिहा. दुभाष्याला गोष्ट कळली की एखादा शब्द अडला तरी वाक्य अडत नाही.

आता बाकीचं पटकन. "एसओपी रिवाइज्ड, फेब्रुवारी" म्हणजे काय? काम करायची पद्धत बदलली, की उत्पादन सुरू व्हायची तारीख? गाड्यांच्या धंद्यात दोन्हीला एसओपीच म्हणतात, आणि उत्पादनाची तारीख हलली असं ग्राहकाने ऐकलं तर मीटिंग तिथेच पेटेल.

आकडे. जपानीत मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी चालते. दहा हजार म्हणजे एक मान, दहा कोटी म्हणजे एक ओकु. तुमचे १.८ लाख म्हणजे १८ मान, १.२ कोटी म्हणजे १२०० मान. डोक्यात होतं, पण घाईत शून्य निसटतं, आणि पैशाच्या आकड्यात निसटलेलं शून्य कुणी विसरत नाही. आकडे पूर्ण अंकांत लिहून द्या, नग की रुपये हेही लिहा.

आणि एफवाय २६. आपल्याकडे ते मार्च २०२६ला संपणारं वर्ष. जपानीत वर्षाचं नाव सहसा सुरुवातीवरून देतात, म्हणजे तेच वर्ष त्यांच्याकडे २०२५ नेन्दो. वर्ष दोघांचंही एप्रिल ते मार्चच, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. "एप्रिल २०२५ ते मार्च २०२६" असं लिहा, विषय संपला.

सदाशिवपेठी

एवढं सगळं आहे तर मग सरळ तीनशे शब्दांची यादी द्यावी ना? सुरक्षित.

गेम्बावाली

तीनशे शब्दांची यादी कुणी वाचत नाही हो. काइझेन, पोका-योके, कानबान हे शब्द मला कशाला हवेत, ते तिकडूनच आलेत. मला ४०-५० हवेत: तुमच्या कारखान्यातली संक्षिप्त रूपं पूर्ण करून, पार्टच्या भागांची नावं चित्रावर बाण काढून, माणसांची नावं आणि हुद्दे, आणि तुमच्याकडेच चालणारे शब्द. प्रत्येकासमोर स्लाइड क्रमांक. जपानी शब्दाचा रकाना रिकामा ठेवा, तो मी भरते. ग्राहकाने पाठवलेला जुना तक्रार-अहवाल जपानीत असेल तर तो सगळ्यात मोलाचा, कारण त्यांनी त्या दोषाला कुठला शब्द वापरलाय ते त्यात मिळतं. मग माझा शब्द कितीही बरोबर असला तरी मी त्यांचाच वापरते.

शब्दांविना

जरा वेगळा अनुभव. मी कर्णबधिर मुलांसाठी पुण्यात कॉलेजच्या कार्यशाळांना सांकेतिक भाषेचं दुभाषीपण करते. आमच्याकडे डेक मिळाला तरी एक गोष्ट कुणी सांगत नाही, वक्ता पडद्यावरचं कधी वाचायला लावणार. ऐकणारा माणूस तक्ता बघत-बघत ऐकतो. आमची मुलं एकतर तक्ता बघतील नाहीतर माझे हात. म्हणून ब्रीफिंगमध्ये मी लिहून मागते की कुठल्या स्लाइडला वक्त्याने आधी गप्प राहायचं. तज्ज्ञ शब्दांना ठरलेली खूण नसली तर बोटांनी अक्षरं दाखवावी लागतात, त्याला वेळ जातो. खोलीत व्हिडिओसाठी दिवे घालवले तर मी दिसतच नाही. जपानीवाल्यांना यातलं किती लागू आहे माहीत नाही.

गेम्बावाली

तक्त्याचं शंभर टक्के लागू आहे. आणि व्हिडिओचंही. क्वालिटीवाले, डेकमध्ये व्हिडिओ असेल आणि त्यात कुणी बोलत असेल तर ते बोलणं लिहून द्या. रेकॉर्ड केलेला माणूस माझ्यासाठी थांबत नाही.

आणखी एक, "हे बघा, इथे जास्त आहे, तिथे कमी झालंय" असं लेझर फिरवत बोलू नका. मी बोलेपर्यंत लाल ठिपका दुसरीकडे गेलेला असतो. "मार्चचा खांब" म्हणा.

चाकणचा_क्वालिटीवाला

नवी पंचाईत. आमचं आयटी म्हणतंय डेक बाहेरच्या मेलवर जाणार नाही, ग्राहकाचं ड्रॉइंग आहे. गोपनीयतेच्या करारावर सही घेतली तरी नाही.

निवृत्त_प्लांटहेड

बाईंना आदल्या दिवशी प्लांटवर बोलवा. दोन तास लाइन दाखवा, डेकचा छापील कागद हातात द्या, जाताना परत घ्या. आम्ही हेच करायचो. पार्ट हातात घेऊन बघितला की निम्मे शब्द आपोआप जागेवर बसतात.

गेम्बावाली

उत्तम उपाय, पण त्या दिवसाचे पैसे द्यायचे असतात एवढं एजन्सीशी आधी बोला. आणि ड्रॉइंगच्या स्लाइड वगळून बाकी ब्रीफिंग तरी चार-पाच दिवस आधी मेलवर जाऊ द्या. शब्दयादीत गोपनीय असं काही नसतं.

चाकणचा_क्वालिटीवाला

साहेबांनी आदल्या दिवसाला हो म्हटलंय. आतापर्यंत लिहिलेलं टाकतो, बघा:

*स्लाइड ७, मी, २ मिनिटं. तक्रारीचा सारांश. ब्लोहोल शब्द आता काढलाय, जुन्या मेलमध्ये तोच आहे, ग्राहक विचारू शकतो.*

*स्लाइड ११, मी, ३ मिनिटं. फोटो. आधी अर्धा मिनिट गप्प, पाहुण्यांना बघू द्यायचं. जाड बॉसच्या मुळाशी आकुंचनाची पोकळी. पार्ट कापून टेबलावर ठेवलेला असेल.*

*स्लाइड १४अ आणि १४ब, मी, ८ मिनिटं. दोष का तयार झाला, मग बाहेर का गेला. १४अ संपल्यावर प्रश्न घेणार.*

*स्लाइड १८, टूलिंगचे प्रमुख, ५ मिनिटं. ते मराठीत बोलतील. एसओपी म्हणजे इथे कामाची लेखी पद्धत, उत्पादनाच्या तारखेत बदल नाही.*

*स्लाइड २३, साहेब, ३ मिनिटं. १,८०,००० नग. १,२०,००,००० रुपये. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६. साहेब इथे विनोद करतात, तो दर वेळी वेगळा असतो.*

गेम्बावाली

शेवटच्या ओळीसाठी तुम्हाला बक्षीस. १४चे अ आणि ब केलेत ते फारच बरं, कागदावरचे क्रमांकही हलले नाहीत. फक्त पडद्यावर मात्र पॉवरपॉइंट दुसऱ्याला १५ म्हणेल आणि पुढचे सगळे एकाने सरकतील, तेवढं बघा. एखादी लपवलेली स्लाइड खरोखर काढून टाकलीत तर बेरीज जुळेल, पण ती १४ ते १८च्या मधलीच असली पाहिजे.

टूलिंगच्या प्रमुखांनी मराठीत बोलणं मला चालतं, उलट आवडतं. मराठीतही क्रियापद शेवटी, जपानीतही शेवटी, वाक्य उलटं करावं लागत नाही. पण ते तुमच्या दुभाष्यांना आधी विचारा, सगळे मराठी–जपानी थेट करत नाहीत. बरेच जण फक्त इंग्रजीवरूनच काम घेतात.

सदाशिवपेठी

पण मग पाहुण्यांपैकी ज्यांना इंग्रजी कळतं त्यांची पंचाईत नाही का? त्यांना स्लाइडवरून ताडून बघता येतं, मराठीत तेही गेलं.

गेम्बावाली

हा मुद्दा आहे. मला अजून नक्की उत्तर सापडलेलं नाही. घाबरत मोडकं इंग्रजी बोलणाऱ्या तज्ज्ञापेक्षा मराठीत नीट सांगणारा बरा, एवढंच म्हणेन.

निवृत्त_प्लांटहेड

एक राहिलं. खर्चाची भरपाई किती मागणार हा विषय निघालाच, तर दुभाष्याने थोडं सांभाळून घ्यावं, असं ब्रीफिंगमध्ये लिहून ठेवा. आमचे जुने दुभाषी असं गोड करून सांगायचे की समोरचा हसत जायचा.

गेम्बावाली

काका, नाही. नाजूक विषय कुठला ते मला जरूर सांगा, म्हणजे मी अचानक गडबडत नाही. पण बोललं गेलं ते मी सांगणार, जसंच्या तसं. सौम्य बोलायचं असेल तर बोलणाऱ्याने सौम्य बोलावं.

निवृत्त_प्लांटहेड

तुम्ही म्हणता ते नियमाने बरोबर. पण मी जे करार तगलेले पाहिलेत ते त्या गोड बोलण्याने तगलेत. असो, यावर आपलं जमणार नाही.

चाकणचा_क्वालिटीवाला

मग अजून एक विचारतो. मीटिंगमध्ये आम्ही आपापसात मराठीत कुजबुजतो, "अरे, तो आकडा नको काढू" वगैरे. पाहुण्यांनी विचारलं, काय म्हणाले, तर?

गेम्बावाली

मी म्हणते, "ते आपसात बोलतायत," आणि तुमच्याकडे बघते. मग काय सांगायचं ते तुम्हीच सांगायचं. हे पहिल्या पानावर लिहून सगळ्यांना वाचून दाखवा, साहेबांना सगळ्यात आधी.